बाळ टाटा करायला कसं शिकतं: पहिल्या हसण्यापासून तिसऱ्या वाढदिवसापर्यंत

मामा रिक्षात बसतो, रिक्षा सुरू होते आणि कोपऱ्यावरून वळते. आईच्या कडेवरचं दहा महिन्यांचं बाळ नुसतं बघत असतं. घरातली सगळी "टाटा कर ना, मामाला टाटा कर" म्हणून थकतात आणि आत वळतात. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बाळाची बोटं हळूच मिटतात, उघडतात, परत मिटतात. मामा केव्हाच गेलेला असतो.

मी वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून लहान मुलांबरोबर काम करते आणि हा उशिरा आलेला टाटा मला फार मोलाचा वाटतो. बाळाने निरोप ओळखला, आपला हात शोधला, तो कसा हलवायचा हे आठवलं आणि हलवला. एवढं सगळं करायला त्याला अर्धा मिनिट लागला, इतकंच. पहिल्यांदा आईबाबा झालेल्यांना बहुतेक वेळा हेच कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून या एका छोट्या खुणेचा प्रवास इथे क्रमाने मांडते.

हात हलण्याआधीचे आठ महिने

टाटाची सुरुवात हातापासून होत नाही, ती चेहऱ्यापासून होते. साधारण सहा ते आठ आठवड्यांचं बाळ तुमच्याकडे बघून हसायला लागतं. झोपेत ओठ हलतात ते हसणं वेगळं. हे तुमच्या चेहऱ्याला दिलेलं उत्तर असतं आणि माणूस माणसाला भेटल्याची ही बाळाची पहिली दाद. पुढे तीन-चार महिन्यांत ते हुंकार देतं, तुम्ही बोललात की थांबतं, तुम्ही थांबलात की परत हुंकार देतं. तुझी पाळी, माझी पाळी, हा संभाषणाचा पाया तिथेच बसतो. तेल लावताना, दुपटं बदलताना तुम्ही मध्ये थांबून त्याच्या आवाजाला जागा दिलीत, तर या वयात वेगळं काही शिकवायची गरज नाही.

सहा ते नऊ महिन्यांत मात्र बरंच काही घडतं. कडेवर घ्यावं म्हणून बाळ दोन्ही हात वर करतं. पदराआडून "भॉक्" केलं की खिदळतं, कारण गेलेला चेहरा परत येतो हे त्याला कळायला लागलेलं असतं. आई खोलीतून गेली की चेहरा पडतो. अनोळखी माणसाला बघून ते आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. आजी म्हणते, "आधी सगळ्यांकडे जायचं, आता काय झालं याला?" काही बिघडलेलं नसतं. कोण आपलं आणि कोण परकं हे ओळखणाऱ्या बाळालाच निरोपाचा अर्थ कळू शकतो. "टाटा" शब्द ऐकूनच एखादं बाळ रडायला लागतं तेव्हा आई हिरमुसते, पण त्या रडण्यात त्याला शब्द समजल्याची खूण असते.

नऊ ते बारा महिने: खरा टाटा

बहुतेक मुलं या काळात टाटा करायला लागतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2022 मध्ये बालविकासाच्या टप्प्यांची यादी सुधारली. त्यात टाटा करणं बारा महिन्यांच्या रकान्यात आहे. या यादीतल्या वयाचा अर्थ नीट समजून घ्या. त्या वयापर्यंत 75 टक्के किंवा त्याहून जास्त मुलांकडून ती गोष्ट व्हावी अशी अपेक्षा असते, ते सरासरी वय नव्हे. म्हणजे शेजारचं बाळ नवव्या महिन्यात टाटा करतं आणि तुमचं साडेअकरा महिन्यांचं करत नाही, यात अजून काळजीचं काही नाही. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, तर वय जन्मतारखेपासून मोजू नका, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा. आठ आठवडे आधी आलेलं बाळ बारा महिन्यांचं झालं, तरी या हिशेबात ते दहा महिन्यांचंच.

आपल्या घरांत टाटाच्या आधी टाळ्या किंवा बाप्पाला "जयजय" येतं, असं मी पुष्कळदा बघते. त्याचंही कारण आहे. टाळ्या आणि जयजय यांत दोन्ही हात एकमेकांना भेटतात, बाळाला ते समोर दिसतं आणि हाताला जाणवतं. टाटात एकच हात हवेत हलवायचा असतो आणि तो कुठे पोचला हे सांगणारं काही नसतं. त्यामुळे बाळ जयजय करतंय पण टाटा नाही, तर खुणांची वाट उघडलेली आहे असं समजा.

टाटाचं रूपही प्रत्येकाचं वेगळं. कुणी नुसती बोटं मिटतं-उघडतं. कुणी मनगट फिरवतं, कुणी अख्खा हात खांद्यापासून वर-खाली आपटतं. पुष्कळ बाळं तळवा स्वतःकडे करून हात हलवतात आणि घरच्यांना वाटतं, उलटं शिकलं. त्याच्या जागी उभं राहून बघा. समोरचा माणूस टाटा करतो तेव्हा बाळाला काय दिसतं? तळवा. म्हणून ते स्वतःलाही तळवाच दाखवतं. त्याच्या बाजूने ती अगदी चोख नक्कल आहे. हात धरून पालथा करत बसू नका, पुढच्या काही महिन्यांत तो आपोआप फिरतो.

शिकवायचं कसं: एका दाराशी तीन आठवडे

माझ्या भाच्याचं उदाहरण देते, कारण ते मी रोज बघितलं आहे. तो नऊ महिने आणि एका आठवड्याचा असताना मी बहिणीकडे महिनाभर राहिले होते. त्याचे बाबा रोज सकाळी साडेआठला कामावर निघत. तोवर घरात काय चालायचं? बाबा कधी "येतो गं" म्हणायचे, कधी "बाय पिल्लू", कधी रडेल म्हणून मागच्या दाराने सटकायचे. आजी "टाटा कर" म्हणायची आणि बहीण "बाबांना बाय". एकाच प्रसंगाला चार नावं. त्यात आपलं मराठी "येतो" आणखी गोंधळाचं. जाताना "जातो" म्हणायचं नाही हा आपला चांगला संस्कार आहे, पण नऊ महिन्यांच्या जिवाला बाबा "येतो" म्हणतात आणि दिसेनासे होतात.

म्हणून पहिलं काम, शब्द एकच ठरवला: टाटा. दुसरं, वेळ आणि जागा एकच, घराचं दार. बाबा बूट घालून तयार झाले की बाळासमोर गुडघ्यावर बसायचे, त्याच्या नजरेच्या पातळीवर. त्याने बघितलं की हात हलवत म्हणायचे, "टाटा, टाटा." मग थांबायचे. मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, काही बोलायचं नाही. आणि मग खरंच निघून जायचं. किल्ली विसरली, डबा विसरला म्हणून तीनदा परत यायचं नाही, कारण तसं झालं की टाटाचा "जाणं" हा अर्थच विरघळतो.

पहिला आठवडा बाळाने नुसतं बघितलं. हे थांबणं घरच्यांना फार जड जातं. चार सेकंद झाले नाहीत तोच आजी "कर ना रे राजा" म्हणायची आणि त्याचं लक्ष बाबांवरून आजीकडे वळायचं. आजींना मी समजावलं, "तो आत्ता कामात आहे. आपण बोललो की त्याचं काम मोडतं." त्यांना ते लगेच पटलं आणि मग त्यांच्याइतका धीर घरात कुणाकडेच नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात दार बंद झाल्यावर बोटं हलली. या वेळी आम्ही सगळ्यांनी बंद दाराकडे बघून टाटा केला, जणू बाबांनी तो बघितलाच आहे. उशिरा आलेल्या टाटाला उत्तर मिळालं नाही, तर बाळाला वाटतं की याने काही घडत नाही.

तिसऱ्या आठवड्यात थोडी मदत केली. कडेवर घेतलेलं असताना माझा हात त्याच्या कोपराखाली ठेवून कोपर जरासं वर उचललं. मनगट पकडून हात हलवून द्यायचा नाही. तसं केलं की हात बाळाचा आणि टाटा आपला होतो. कोपराला आधार दिला की बाकीचं काम त्यालाच करावं लागतं. दोन-तीन दिवसांत नुसता स्पर्श पुरला आणि मग तोही लागला नाही. साडेदहा महिन्यांचा झाला तेव्हा बाबांनी बूट हातात घेतले की हा टाटा करायचा, बाबा काही म्हणायच्या आधीच.

त्यानंतर त्याने पंख्याला टाटा केला, गॅलरीतल्या कावळ्याला केला, आंघोळ झाल्यावर बादलीला केला. हसू येतं, पण हे फार चांगलं लक्षण. एका दाराशी शिकलेली खूण तो दुसरीकडे लावून बघत होता.

टाटा पक्का झाला हे कसं ओळखायचं? कुणी न सांगता येतो, जाणाऱ्याकडे बघून येतो आणि साधारण वेळेवर येतो. "टाटा करून दाखव" म्हटल्यावरच येणारा आणि पाहुण्यांसमोर, फोनच्या कॅमेऱ्यासमोर पाच-पाच वेळा करून घेतलेला टाटा ही कसरत झाली. कुणी जात नसताना तो शक्यतो मागू नका.

गपचूप सटकण्याबद्दल एक सांगते, कारण ते जवळजवळ प्रत्येक घरात होतं. न सांगता गेलात की तेवढ्यापुरतं रडणं टळतं. पण माणूस कधीही नाहीसं होऊ शकतं असं बाळाला वाटायला लागतं आणि ते दिवसभर चिकटून बसतं. निरोप छोटा घ्या, हसून घ्या आणि निघा. रडलं तरी निघा.

एक ते दीड वर्ष: हाताला शब्द जोडला जातो

वर्षाच्या आसपास खुणेबरोबर आवाज यायला लागतो. "टा", "ताता", "बा". उच्चार स्पष्ट असायची गरज नाही. तोच आवाज त्याच प्रसंगी, कुणी न सांगता येत असेल, तर तो शब्द धरा आणि डॉक्टरांनी विचारलं तर मोजून सांगा. पंधरा महिन्यांपर्यंत आई-बाबांशिवाय एक-दोन शब्द म्हणायचा प्रयत्न आणि हवं ते बोटाने दाखवणं, दीड वर्षापर्यंत तीन किंवा जास्त शब्द, हे सीडीसीच्या यादीतले टप्पे आहेत. दीड वर्षाचं मूल आणखी एक करतं: गंमत वाटली म्हणून बोट दाखवतं. विमान हवंय म्हणून नाही, तुम्हीही ते बघावं म्हणून.

मराठी घरात "टाटा" या शब्दाला दोन अर्थ असतात हे लक्षात ठेवा. निरोपाचा टाटा आणि "टाटा जायचं" मधला फिरायला जायचा टाटा. तुमचं मूल चप्पल हातात घेऊन "ताता, ताता" करत असेल तर ते कुणाला निरोप देत नाही, बाहेर नेण्याची मागणी करतंय. "हो, फिरायला जायचंय? चल, चप्पल घालू" म्हणा आणि दोन मिनिटं का होईना, खाली जाऊन या.

मग "हाय" कधी येतं? बहुतेकांकडे टाटानंतर. मला त्याचं कारण असं दिसतं: निरोपाची तयारी दिसते. पिशवी, बूट, दार. भेट मात्र अचानक होते. दार उघडतं, चेहरा समोर येतो आणि तेवढ्यात उत्तर द्यायचं असतं. शिवाय आपण घरात एकमेकांना हाय म्हणतच नाही. आपलं स्वागत म्हणजे "आलास का?", "काय म्हणतंय बाळ?", "या, बसा". त्यामुळे मराठी घरातल्या मुलाचं पहिलं "हाय" पुष्कळदा "बाबा!" हेच असतं, दाराकडे धावत, दोन्ही हात वर करून. ते स्वागतच आहे. त्यावर "बाबांना हाय म्हण" असं करून ते मोडू नका. तुम्हाला हाय शिकवायचं असेल तर तुम्ही म्हणा. कामावरून आल्यावर, झोपेतून उठल्यावर, तोंडावरून टॉवेल काढल्यावर. एक भेट, एक "हाय", आणि परत तेच थांबणं.

"हॅलो" मात्र फोनमुळे लवकर येतं. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल रिमोट, चमचा, पोळीचा तुकडा कानाला लावून "अलो" म्हणतं.

परदेशात असलेल्यांसाठी इथे थोडं थांबते, कारण आजी नागपुरात आणि नात न्यू जर्सीत हे आता नेहमीचं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 च्या सूचनांत दीड वर्षाखालच्या मुलांना पडदा नको म्हटलं, पण व्हिडिओ कॉलला त्यातून वगळलं. कारण तिथे पलीकडे उत्तर देणारा माणूस असतो. पण कॉलवर आवाज आणि चित्र थोडं मागे-पुढे होतं आणि बाळालाही वेळ लागतो. दोन्ही उशीर एकत्र आले की बाळ टाटा करतं तेव्हा आजीने फोन ठेवलेला असतो. आजीला सांगा, टाटा म्हटल्यावर दहा आकडे मोजा आणि हात चेहऱ्याशेजारी धरा, म्हणजे दोन्ही एका चौकटीत दिसतील. आणि इकडे कुणीतरी बाळाच्या शेजारी बसून आजीला टाटा करा. पडद्यावरून शिकायला अवघड जातं ते शेजारच्या माणसाकडून सोपं होतं.

दीड ते तीन: कळतं सगळं, म्हणत नाही

दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडले जातात. "बाबा टाटा", "आजी ये". हात हलवणं आणि बोट दाखवणं यांपलीकडच्या खुणाही येतात: पापा फेकणं, "हो" म्हणून मान हलवणं. अडीच वर्षांपर्यंत साधारण पन्नास शब्द. तीनपर्यंत दोनदा इकडून-तिकडे होणारं बोलणं: "हाय, नाव काय तुझं?" "ओवी." "कुठे चाललीस?" "बागेत." आणि तुम्ही सोडून गेल्यावर दहा मिनिटांत शांत होणं. पाळणाघरात पाठवणाऱ्यांना हा शेवटचा टप्पा दिलासा देतो.

पण याच वयात एक नवी तक्रार येते. "घरी इतकं बोलते, पण पाहुण्यांसमोर हाय म्हणत नाही. उद्धट दिसतं." याबद्दल 1980 चा एक छोटा, पण लक्षात राहणारा अभ्यास आहे. एस्थर ग्रीफ आणि जीन बर्को ग्लीसन यांनी दोन ते पाच वर्षांच्या 22 मुलांना आईबाबांबरोबर बोलावलं. एक अनोळखी व्यक्ती खोलीत येऊन त्यांना हाय म्हणे, भेटवस्तू देई आणि निरोप घेई. कुणी न सांगता हाय किंवा गुडबाय म्हणणं साधारण चारातून एकदाच घडलं. थँक यू तर त्याहून क्वचित. आईबाबा मात्र सतत "म्हण ना" करत होते. तेव्हा अडीच वर्षांचं मूल काकांना हाय म्हणत नाही, हे या वयाला धरूनच आहे.

त्याला ओळीत उभं करून "काकांना हाय कर, नाहीतर काका रागावतील" म्हटलं की ते आणखी मिटतं. मी पालकांना सांगते, पाहुण्यांना आधी तुम्ही भेटा. मूल तुमच्या पायामागून बघत असू दे. पाच मिनिटांनी त्याच्या हातात काहीतरी काम द्या, काकांना लाडू नेऊन द्यायचं म्हणा. हात कामात असला की तोंड सुटतं. निघताना "तू हात हलवणार की टाळी देणार?" असं विचारा. नाही म्हटलं तर तुम्ही दोघांच्या वतीने टाटा करा आणि विषय सोडा.

कधी थांबायचं नाही

वाट बघण्याबद्दल मी इतकं लिहिलं, पण काही ठिकाणी वाट बघणं चुकीचं असतं. बारा महिन्यांचं झालं तरी टाटा, टाळ्या, जयजय, हात वर करणं, बोट दाखवणं यांतली एकही खूण नाही, किंवा "बाबाबा, दादादा" असे आवाजही नाहीत, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्दांची जोडी नाही, तरीही दाखवा. आणि कुठल्याही वयात आलेली गोष्ट गेली, म्हणजे टाटा करणारं मूल करेनासं झालं, नावाला वळणारं वळेनासं झालं, तर त्याच आठवड्यात जा. "याचे बाबाही उशिरा बोलले" हे वाक्य तेव्हा बाजूला ठेवा. दोन दिवस तापात पडलेलं बाळ खूण करत नाही ते वेगळं. ते बरं झाल्यावर परत करतं.

एकटा टाटा नसणं हे निदान नव्हे. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची ऑटिझम-तपासणी असते. त्यातल्या एका प्रश्नात टाटा, टाळ्या अशा गोष्टींची मूल नक्कल करतं का, हे विचारलेलं आहे. उरलेले एकोणीस प्रश्न दुसरं काही विचारतात. म्हणूनच एका खुणेवरून घरी निष्कर्ष काढू नका.

पहिली तपासणी बहुधा कानांची होते आणि ती व्हायलाच हवी. ऐकू कमी येणारं मूल हातवारे बघून टाटा शिकू शकतं, त्यामुळे "टाटा करतो, म्हणजे ऐकू येतं" हा हिशेब चुकतो. ओएई आणि बेरा या तपासण्यांत बाळाला काही सांगावं लागत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. इतरत्र अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या या सरकारी योजनेत विकासातली दिरंगाई तपासली जाते आणि गरज पडल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तपासणीला पैसे पडत नाहीत.

जाताना फोनमध्ये दोन-तीन छोटे व्हिडिओ घेऊन जा. घराच्या दाराशी, रोजचं माणूस रोजच्या वेळी निघतानाचे, "कर ना" असं कुणी न म्हणता घेतलेले. आणि माणूस गेल्यावर कॅमेरा लगेच बंद करू नका, पुढचं अर्धं मिनिट चालू राहू द्या.